मुलाखतीआधीचा एनडीए : सही करण्यापूर्वी काय वाचाल?

समजा, कासार आंबोलीच्या एखाद्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअरची जागा निघाली आहे. एजन्सीचा फोन येतो आणि पाठोपाठ मेलवर चार पानी पीडीएफ: ‘पहिल्या फेरीआधी एनडीएवर सही करून पाठवा.’

गैरसमज : निवड झाली नाही तर कागद आपोआप रद्द.
तसं नाही. गुप्ततेचा करार नोकरीवर अवलंबून नसतो. त्यात लिहिलेली मुदत संपेपर्यंत तो बांधतो. म्हणून मुदतच लिहिलेली नसेल तर आधी ती विचारा.

गैरसमज : सही केली की दुसऱ्या कंपनीत जाता येणार नाही.
ही भीती अनेकांना असते, पण एक जुना खटला पाहा. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्ड विभागात निरंजन गोलिकरी शिफ्ट सुपरवायझर होते. पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून ते कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेले. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना रोखलं, पण कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतंच. प्रक्रियेची गुप्त माहिती फोडायलाही मनाई केली. उमेदवार तर अजून नोकरच नसतो. त्याने ‘वर्षभर स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं लिहून दिलं, तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे अशी अट सहसा टिकत नाही. तरीही ती कागदावर राहू देऊ नका. नंतर नोटीस आली की वकिलाची फी आपल्याच खिशातून जाते.

गैरसमज : ‘पाच लाख दंड’ लिहिलंय, म्हणजे पाच लाख द्यावेच लागतील.
करार कायद्याच्याच कलम 74 प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा. त्याच्या आत वाजवी भरपाई किती, ते कोर्ट ठरवतं.

गैरसमज : बदल सुचवला की संधी गेली.
पहिल्या फेरीत बोलणं बहुतेक तुमच्याच कामावर होतं, कंपनीचं ड्रॉइंग क्वचितच दाखवतात. त्यामुळे एवढं उत्तर पुरे: ‘सही करायला माझी हरकत नाही. मला आधीपासून ठाऊक असलेली आणि बाजारात उघड असलेली माहिती यातून वगळावी, मुदत एक वर्ष ठेवावी आणि करार एजन्सीशी आहे की कंपनीशी, ते लिहावं. नाहीतर पहिल्या फेरीत गुप्त माहिती देऊ नये, पुढच्या फेरीआधी सही करेन.’

यातली ‘आधीपासून ठाऊक’ची सूट सर्वांत मोलाची. ती नसेल तर आठ-दहा वर्षांत स्वतः शिकलेलं फिक्श्चर डिझाइनही ‘आमची माहिती’ ठरवता येतं. उमेदवाराने सुचवलेल्या कल्पना कंपनीच्या मालकीच्या होतील, असं कलमही याच कागदात कुठेतरी दडलेलं असू शकतं. मुलाखतीत नमुन्याचं काम करून घेणार असतील तर ते कलम खोडायला सांगा. आणि हो, सध्याच्या कंपनीची ड्रॉइंग मुलाखतीत दाखवू नका. तिथला गुप्ततेचा करार अजून चालू आहे.

सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. एनडीएच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, तर सही करू नका.