दूरच्या झाडांचे तोतये

‘फोर्टनाइट’ या गेमची सुरुवात आकाशात होते. उडत्या बसमधून खेळाडू खाली झेप घेतो आणि अख्खं बेट, त्यावरच्या झाडांसकट, एकदम नजरेत येतं. जवळून नीट दिसावं असं एक झाड बांधायला हजारो त्रिकोण लागतात, आणि संगणकाला तर सेकंदाला ६० चित्रं काढायची असतात. मग दूरची झाडं खरी काढतच नाहीत. त्यांच्या जागी दोन त्रिकोणांची एक सपाट फळी उभी करतात आणि तिच्यावर झाडाचं चित्र चिकटवतात. हा झाडाचा तोतया, म्हणजेच इम्पोस्टर.

पूर्वी एकाच चित्रावर भागायचं. फळी कायम कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी असायची. जमिनीवरून चालणाऱ्याला ते खपून जाई. वरून खाली येणाऱ्याला मात्र शेंडा दिसायला हवा, आणि फळीवर असतं ते बाजूने काढलेलं झाड. एपिक गेम्समध्ये काम करणाऱ्या रायन ब्रक्स यांनी २०१८ साली यावरची एक देखणी पद्धत तपशिलात मांडली. झाडाभोवती अर्धा गोल कल्पून त्यावर कॅमेरे पसरायचे. झाड खालून कुणी पाहत नाही, म्हणून खालचा अर्धा गोल सोडून द्यायचा. उरलेला अर्धा गोल चार बाजूंच्या पिरॅमिडवर बसवायचा आणि तो पिरॅमिड वरून दाबून सपाट करायचा, की चौरस मिळतो. त्या चौरसात समजा १२ ओळी आणि १२ रांगा आखल्या, तर १४४ दिशांची १४४ चित्रं एकाच मोठ्या चित्रात मावतात. चौरसातली जागा म्हणजेच दिशा असल्यामुळे खेळाडू कुठून पाहतो आहे यावरून हवं ते चित्र दोन-चार गणितांत सापडतं.

पण शेजारच्या दोन चित्रांच्या दिशांमध्ये साधारण १२ अंशांचं अंतर राहतं. खोडापासून ३ मीटर पुढे आलेली फांदी तेवढ्या वळणात सुमारे ६० सेंटिमीटर सरकते. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर, उभा दृष्टिकोन ६० अंशांचा धरला, तर १० मीटर उंचीचं झाड २०० मीटरवरून जेमतेम ४७ पिक्सेलचं दिसतं आणि त्या फांदीची उडी ३ पिक्सेलची होते. ५० मीटरवर तीच उडी १२ पिक्सेलची, म्हणजे डोळ्यात भरणारी. म्हणून एक चित्र टाकून दुसरं उचलण्याऐवजी जवळची तीन चित्रं कमी-अधिक प्रमाणात मिसळतात. शिवाय प्रत्येक ठिपक्याची खोलीही साठवलेली असते. तिच्या आधारे मिसळण्याआधी ठिपके थोडे सरकवून घेतात, नाहीतर फांद्या दुहेरी दिसू लागतात.

खरी परीक्षा अदलाबदलीच्या क्षणी. खेळाडू जवळ येतो, तोतया जातो, खरं झाड येतं आणि काहीतरी टचकन उडाल्यासारखं वाटतं. यालाच पॉपिंग म्हणतात. एक अर्धपारदर्शक करत न्यायचं आणि दुसरं आणायचं, हा उपाय सुचतो. पण ५० टक्के झाडावर ५० टक्के झाड ठेवलं तर ७५ टक्केच झाकलं जातं आणि मधल्या काळात झाडातून आभाळ दिसतं. म्हणून ठिपके वाटून घेतात: रांगोळीच्या ठिपक्यांसारखी जाळी धरून काही पिक्सेल खऱ्या झाडाला आणि नेमके उरलेले तोतयाला द्यायचे, आणि हा वाटा अर्ध्या सेकंदात हळूहळू पालटायचा. एकही पिक्सेल रिकामा राहत नाही. तेवढा वेळ दोन्ही झाडं काढावी लागतात, हा भुर्दंड सोसायचा.

सीमेवर घुटमळणारा खेळाडू वेगळीच पंचाईत करतो. एकच रेषा ठेवली तर झाड सारखं बदलत राहील. म्हणून दूर जाताना २१० मीटरवर आणि परत येताना १९० मीटरवर, अशा दोन रेषा ठेवतात. प्रत्येक झाडाची रेषा थोडी मागेपुढेही करतात, नाहीतर जंगलात बदलाचं एक वर्तुळच खेळाडूबरोबर चालताना दिसेल.

एवढं करूनही उडी दिसली, तर माझ्या मते दोष बहुधा जाळीत नसतो. दोन झाडंच जुळत नसतात. कॅमेरा जागेवर ठेवून दोन्ही आलटून पालटून पाहावीत. तोतया काळपट वाटला तर पानांच्या पृष्ठभागाच्या दिशा चुकीच्या साठवल्या गेल्या असतील आणि ऊन नीट पडत नसेल. विरळ वाटला तर चित्र लहान करताना पानांच्या कडा पुसट होऊन गळाल्या असतील. तिथे झाकलेलं क्षेत्रफळ मूळ झाडाइतकं राहील अशी दुरुस्ती करावी लागते. वाऱ्याचं कारण सगळ्यांत सहज निसटतं: खरं झाड डोलत असतं आणि तोतया ताठ उभा. त्यावर साधा इलाज असा, की खऱ्या झाडाचं डोलणं सीमा येण्याआधीच अंतराबरोबर कमी करत शून्यावर आणायचं. निष्पर्ण, बारीक काटक्यांच्या झाडांपुढे मात्र हे सगळं तोकडं पडतं. त्यांची अदलाबदल आणखी दूर नेण्याला पर्याय नसतो.