लाल रेघ आणि गिरणीचं नाव

जुन्या जीन्सच्या बाहेरच्या शिवणीत कापडाच्या किनारीवर लाल रेघ दिसली, की अनेकजण लगेच अमेरिकेतल्या कोन मिल्सचं नाव घेतात. लिव्हाइससाठी कोनची खूण लालच होती, हे खरं. पण तशीच रेघ आज जपानी आणि भारतीय गिरण्याही विणतात. शिवाय कोनची ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी २०१७ अखेर बंद झाली.

फोटोतली बंद, न कापलेली किनार एवढंच सांगते, की कापड बहुधा धोट्याच्या मागावरचं आहे. वजन फोटोत दिसत नाही. म्हणून थान मागवण्याआधी १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा मागवून सोनाराच्या काट्यावर तोलावा. पावणेपाच ग्रॅम भरला, तर कापड सुमारे १४ औंसाचं. तिरप्या विणीचा कल जुन्या कापडाशी जुळत नसेल, तर रेघ कितीही लाल असो, कापड वेगळं.