आज चिकू केक नाही

डहाणू रोड स्टेशनजवळ उघडणाऱ्या एका बेकरीसाठी पहिल्या आठवड्याच्या कॅप्शन लिहायच्या होत्या. मालकांची अट एकच: रोज सूर वेगळा हवा. त्यांच्या मनात सातही दिवस 'भव्य शुभारंभ' होता, फक्त फुलं वेगवेगळी. मी आधी भट्टीचं वेळापत्रक मागितलं. पाव पहाटे, खारी सकाळी उशिरा, केक दुपारनंतर. त्या-त्या वेळी गिऱ्हाईक कोण, यावरून सूर ठरतो.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनची साधारण पहिली सव्वाशे अक्षरंच दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि बहुतेक लोक ते लावत नाहीत. म्हणून सोमवारी कोरडी माहिती आधी: 'पहिली लादी साडेपाचला भट्टीबाहेर. दुकान सहाला उघडतं, स्टेशनच्या पूर्वेला.' शुभेच्छा, आभार सगळं खाली.

मंगळवार चर्चगेटकडे जाणाऱ्यांचा. 'लोकल सुटायला वेळ आहे? खारी घ्या. वेळ नाही? दोन घ्या.' इथे थट्टा चालते, कारण गाडीची घाई सगळ्यांच्या ओळखीची.

बुधवारी चिकू केक होता, आणि मालकांना 'जीआय मानांकित घोलवडचा चिकू' असं हवं होतं. डहाणू घोलवड चिकूला ते मानांकन 2016 मध्ये मिळालं. पण ते नाव माल विकताना लावायचं तर त्या मालाचा उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला लागतो. यांचे चिकू बाजारातून, बाग कुणाची ते माहीत नाही. म्हणून नुसतं 'चिकू केक' लिहिलं. तोही झाला नाही. दुपारी गर चाखला तर तुरट, जिभेला चिकटणारा. चिकू पूर्ण पिकला नसेल तर त्यातला चीक आणि तुरटपणा केकमध्ये साखरेखाली दबत नाही. मालक म्हणाले, "टाका काहीतरी गोड." मी लिहिलं: 'आज चिकू केक नाही. चिकू अजून कच्चे आहेत, कच्च्याने घसा धरतो. पिकले की सांगू.' आठवड्यातली माझ्या मते सर्वांत चांगली कॅप्शन हीच. तिच्यात विकायला काहीच नव्हतं. केक शुक्रवारी आला, तेव्हा 'पिकले' एवढा एक शब्द पुरला.

गुरुवारी तलासरीकडच्या गिऱ्हाइकांसाठी वारली बोलीत लिहावं, भोवती वारली चित्रांची चौकट द्यावी, असाही आग्रह झाला. काउंटरवरची तलासरीची मुलगी मसुदा वाचून हसली. "आमच्यात असं कुणी नाय बोलत." चौकट आणि बोली दोन्ही काढली, घरपोच कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत, एवढंच साध्या मराठीत ठेवलं.

शनिवारी लग्नाच्या पावांची ऑर्डर किती आधी द्यायची, ते. रविवारी मनापासून आभार, आणि सवलत रात्री नऊला संपते हे पहिल्याच ओळीत. पुढच्या सोमवारपासून कॅप्शनमध्ये फक्त वेळ आणि भाव.