तीव्र मध्यमावर थांबलेली गिटार

आज आपण एकच गाणं घेऊ, आणि त्यातलेही सुरुवातीचे तीन सूर. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ब्लॅक सॅबथ या बँडचं, बँडच्याच नावाचं हे गाणं. 13 फेब्रुवारी 1970 ला त्यांचा पहिला अल्बम आला, त्यातलं हे पहिलंच. आधी पाऊस ऐकू येतो, लांब कुठेतरी घंटा वाजते, आणि मग टोनी आयोमीची गिटार येते. हेवी मेटल नेमकं इथेच सुरू झालं का, हा वाद चालूच राहील. पण मेटलमध्ये पुढे कायमची राहिलेली ती काळोखी छाया इथे स्पष्ट दिसते, आणि ती कशातून आली हे आपल्याला बघायचं आहे.

घरात हार्मोनियम असेल तर जवळ घ्या. पांढरी पाचला सा धरा. खालचा सा वाजवा, मग वरचा सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यमावर, म्हणजे काळी एकवर थांबा. घाई करू नका, तो सूर नुसता धरून ठेवा. मग पुन्हा खालचा सा. बस, एवढीच ती रिफ. रिफ म्हणजे पुन्हापुन्हा येणारा, गाण्याला पाठीच्या कण्यासारखा असणारा छोटा स्वरसमूह.

आता पट्ट्या मोजा. खालच्या सा पासून तीव्र मध्यम सहा पट्ट्या वर आहे, आणि वरच्या सा पासूनही सहाच पट्ट्या खाली. सप्तकाचा बरोबर मध्य. सहा अर्धस्वर म्हणजे तीन पूर्ण स्वर, म्हणून पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात. याला 'संगीतातला सैतान' असंही नाव आहे, आणि मध्ययुगात चर्चने यावर बंदी घातली होती अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण अशा बंदीचा पुरावा नाही. ते लॅटिन नाव ग्रंथांमध्ये दिसतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तिथेही मुद्दा गायला अवघड, टाळावं असं अंतर एवढाच आहे.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी लगेच म्हणेल, अहो, तीव्र मध्यम तर यमनमध्येही आहे. यमन ऐकून कुणी घाबरलंय का? हा आक्षेप अगदी खरा आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. यमनमध्ये तो सूर कुठेतरी निघालेला असतो. पंचमाकडे जातो, किंवा धैवत-निषाद घेत वर सरकतो. सोबत शुद्ध गंधाराचा उजेड असतो. म्हणजे भीती त्या सुरात किंवा त्या अंतरात साठवलेली नाही. तो सूर कुठे सोडला जातो, यावर सगळं अवलंबून आहे.

आयोमी काय करतो ते बघा. पहिला सा तो एकटा वाजवत नाही, त्याच्याबरोबर पंचमही छेडतो. म्हणजे पंचम आपल्या कानात आधीच बसलेला आहे. त्यानंतर तीव्र मध्यम येतो, पंचमाच्या फक्त एक पट्टी खाली. कान म्हणतो, आता हा वर सरकेल आणि घरी पोचेल. तो सरकत नाही. तिथेच थरथरत राहतो, विरत जातो, आणि परत खालचा सा. पुन्हा तेच. लय इतकी संथ की प्रत्येक वेळी वाट बघायला भरपूर वेळ मिळतो. हा बँड ब्लूज वाजवत वाढला होता, आणि ब्लूजमध्ये हा सूर असतोच. पण तिथे तो मध्यम आणि पंचम यांच्यामधली पायरी असतो, पाय टेकवून पुढे जायचं. सॅबथने त्या पायरीवरच मुक्काम ठोकला.

ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. बँडचा बेस वाजवणारा गीझर बटलर याला गुस्ताव होल्स्टची 'मार्स' ही रचना फार आवडायची, आणि तो ती बेसवर वाजवून बघायचा. 1914 ची ती रचना, युद्धदेवता मंगळावरची. तिची मुख्य चाल पांढरी पाचवरून पंचमावर चढते आणि तिथून एक पट्टी खाली, तीव्र मध्यमावर, घसरते. तेच तीन स्वर, क्रम वेगळा.

आता मायनरकडे येऊ, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यतः कोमल गंधाराकडे. मेटलची गिटार फाटलेल्या आवाजाची असते. अँप्लिफायरला झेपणार नाही इतका आवाज त्यात ढकलला की दोन सुरांच्या मधून तिसरे, चौथे सूर तयार होतात. त्यातला एक म्हणजे दोघांच्या कंपनसंख्यांमधला फरक. आपला सा सेकंदाला 98 कंपनांचा, पंचम साधारण 147 चा. फरक 49, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. फुकटात मिळालेला खर्ज! म्हणून सा-पंचमाची जोडी, जिला पॉवर कॉर्ड म्हणतात, इतकी भरदार वाटते. आता पंचमाऐवजी कोमल गंधार लावा. तो साधारण 116 वर, फरक 18. हा सूर नाही, गुरगुर आहे. आवाज गढूळ होतो, कुठला स्वर वाजतोय तेच कळेनासं होतं.

म्हणून गंधाराला त्या जोडीत जागाच उरली नाही. पण गंधार नाही तर गाणं मेजर की मायनर हे सांगणार कोण? ते काम रिफच्या चालीवर आलं. त्याच वर्षीचं सॅबथचं 'आयर्न मॅन' ऐका, पांढरी सातला सा धरून. तिथे सा-पंचमाची तीच जोडी अख्खीच्या अख्खी सरकत जाते: सा, कोमल गंधार, मध्यम; मग कोमल धैवत आणि पंचम यांच्यात भराभर ये-जा. एकाही जोडीत मायनर नाही, तरी चाल नखशिखांत मायनर आहे. आमच्या मते मेटलच्या काळोखाचं सगळ्यात कमी सांगितलं जाणारं कारण हेच: आवाज फाटला, म्हणून भाव जोडीतून निघून चालीत आला.

यात आयोमीच्या बोटांचाही वाटा आहे. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशिनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, तारा हलक्या घेतल्या. दोनच सुरांची जोडी त्या हाताला सोयीची होती. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' अल्बममध्ये तर बऱ्याच गाण्यांत गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली आहे. तारा सैल, बोटांना त्रास कमी. आवाज आणखी जड झाला, हा त्याचा परिणाम.

घरी जाऊन एक तुलना करून बघा. मेटॅलिकाचं 1991 चं 'एंटर सँडमन', सा पांढरी तीन. सा, वरचा सा, त्याच्यावरचा कोमल गंधार, मग एकदम खाली तीव्र मध्यम आणि लगेच शुद्ध मध्यम, परत वरचा सा. कोमल गंधार आहे, ट्रायटोनही आहे. पण तीव्र मध्यम क्षणभरच टिकतो आणि एक पट्टी खाली उतरून मोकळा होतो. गाणं दबा धरून चालल्यासारखं वाटतं, थोडं मिजाशीतही. आता तोच तीव्र मध्यम पेटीवर धरून ठेवा, शुद्ध मध्यमावर उतरू नका, आणि किती वेळ सहन होतं ते बघा.