पेन्शनचं गाव बदलताना

लातूरहून निवृत्त झालेले आमचे काका मुलाकडे पुण्याला आले आणि पहिल्याच आठवड्यात लातूरचं बँक खातं बंद करायला निघाले. मी त्यांना थांबवलं. राज्य शासनाचं निवृत्तिवेतन जिल्हा कोषागार थेट खात्यात जमा करतं. खातंच बंद असेल तर रक्कम परत फिरते आणि ती पुन्हा मिळेपर्यंत हेलपाटे घालावे लागतात.

आधी पुण्यात खातं उघडलं. मग लातूरच्या कोषागार अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यात सगळ्यांत वर पीपीओ क्रमांक, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशाचा क्रमांक, कारण कार्यालयात काकांची फाईल नावापेक्षा याच आकड्यावर सापडते. मजकूर दोनच ओळींचा: ‘मी कायमस्वरूपी पुणे येथे स्थलांतरित झालो आहे. माझे निवृत्तिवेतन पुणे कोषागाराकडे वर्ग करून पुढील खात्यात जमा करावे, ही विनंती.’ खाली खाते क्रमांक, आयएफएससी, नवा पत्ता, मोबाइल. सोबत पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश.

‘पुणे कोषागाराकडे वर्ग करून’ हे शब्द गाळले, तर नुसतं खातं बदललं जाऊ शकतं आणि पुढच्या प्रत्येक कामाला लातूरच गाठावं लागतं. पासबुकावरचं नाव आदेशातल्या नावाशी जुळतं का, तेही पाहावं.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर काकांनी आवक शिक्का घेतला. जुनं खातं मात्र पुण्यात पहिली रक्कम जमा झाल्यावरच बंद केलं.