विश्लेषण : स्क्रीन रीडरवर तुमची पोस्ट कशी ऐकू येते? हॅशटॅग, इमोजी आणि फोटोच्या वर्णनाचे गणित काय?

पाणीपुरवठा बंद, रस्ता बंद, परीक्षेची बदललेली तारीख अशा सूचना आता आधी समाजमाध्यमांवर येतात. त्यातही मजकूर थोडा आणि पोस्टर मोठे, अशी पद्धत रूढ झाली आहे. दृष्टिहीन व्यक्ती मात्र ही पोस्ट स्क्रीन रीडरच्या मदतीने ऐकतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि विंडोज संगणकावर एनव्हीडीए हे त्यातले नेहमीचे. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर क्रमाने वाचून दाखवते. त्यामुळे कॅप्शन कशी लिहिली आहे, यावर सूचना पोहोचणार की नाही हे ठरते.

नेमकी अडचण कुठे येते?

नमुन्यासाठी एक काल्पनिक पोस्ट घेऊ. कोथरूडमधील पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहणार आहे. तारीख, वेळ, भागांची नावे आणि टँकरची ठिकाणे सारे पोस्टरवर आहे. कॅप्शन अशी:

📢📢‼️ नागरिकांनो लक्ष द्या ‼️📢📢 गुरुवारी 🚰❌ माहितीसाठी फोटो पाहा 👇👇👇 #कोथरूडपाणीबंद #punewatercut 🙏🙏

डोळ्यांनी पाहणाऱ्याला यात वावगे काही वाटणार नाही. ऐकणाऱ्याला मात्र साधारण असे ऐकू येते : ‘लाउडस्पीकर, लाउडस्पीकर, दुहेरी उद्गारचिन्ह, नागरिकांनो लक्ष द्या, दुहेरी उद्गारचिन्ह, लाउडस्पीकर, लाउडस्पीकर, गुरुवारी, पिण्याचे पाणी, फुलीचे चिन्ह…’ पुढे खाली बोट दाखवणारा हात तीनदा, मग दोन हॅशटॅग आणि शेवटी जोडलेले हात दोनदा. चित्रावर गेल्यावर फक्त ‘इमेज’. पाणी बंद आहे की पिण्यायोग्य नाही, किती वाजता आणि कुठे, यातले काहीच कळत नाही.

इमोजी असे का वाचले जातात?

प्रत्येक इमोजीला युनिकोडमध्ये ठरावीक नाव असते आणि स्क्रीन रीडर त्याच्या आधारे ते चिन्ह वाचतो. आपण हसण्यासाठी सर्रास वापरतो ते 😂 इंग्रजीत ‘फेस विथ टिअर्स ऑफ जॉय’ होते. हाताच्या इमोजीला त्वचेचा रंग निवडला असेल, तर त्या रंगछटेचाही उल्लेख होतो. आवाज आणि भाषेच्या सेटिंगनुसार हे नाव मराठी वाक्याच्या मध्येच इंग्रजीत येऊ शकते. काही स्क्रीन रीडर सलग आलेली सारखी चिन्हे मोजून सांगतात, पण त्यावर विसंबता येत नाही.

इमोजी अजिबात नकोत, असा याचा अर्थ नाही. आनंद, शुभेच्छा, थट्टा त्यातून पोहोचतेच. खटकतात ते दोन वापर. एक, शब्दाच्या जागी इमोजी. वरच्या पोस्टमध्ये ‘पाणी बंद’ हे शब्द हॅशटॅगबाहेर कुठेच नाहीत. दुसरा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सजावटीचे चिन्ह. दहा ओळींची यादी असेल तर 👉 चे लांबलचक नाव दहा वेळा ऐकावे लागते. वाक्य पूर्ण शब्दांत लिहून शेवटी एखादा इमोजी टाकला, की अडचण बरीच कमी होते.

हॅशटॅगमध्ये मराठीचा पेच कोणता?

रोमन लिपीतील हॅशटॅगसाठी सोपा उपाय आहे. #punewatercut हा स्क्रीन रीडरला एकच अनोळखी शब्द वाटू शकतो. #PuneWaterCut असे प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिले, की तीन शब्द वेगळे वाचले जाण्याची शक्यता वाढते. शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, त्यामुळे पोस्टची पोहोच घटत नाही. डोळसांनाही याचा उपयोग होतो. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या निधनानंतर #nowthatchersdead हा हॅशटॅग फिरला आणि गायिका शेर यांचे निधन झाले, असा अनेकांचा समज झाला. शब्द कुठे तुटतो एवढाच प्रश्न होता.

देवनागरीत मात्र मोठी-लहान अक्षरे नाहीतच! इंग्रजी मार्गदर्शिकांमधला हा पहिला सल्ला म्हणूनच मराठीला लागू होत नाही. उलट एक जास्तीची अडचण आहे. मराठीत बहुतेक शब्दांच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही. ‘कोथरूड’मधला ‘ड’ तोडून म्हणतो. यंत्राच्या आवाजाला शब्द संपल्याचे समजते ते प्रामुख्याने मोकळ्या जागेवरून. #कोथरूडपाणीबंद असे जोडून लिहिले, की ‘ड’ पूर्ण उच्चारला जाऊन पुढच्या शब्दात मिसळू शकतो.

यावर उपाय म्हणजे अंडरस्कोर : #कोथरूड_पाणी_बंद. मोकळी जागा किंवा साधी आडवी रेघ टाकली तर हॅशटॅग तिथेच तुटतो, अंडरस्कोरने तुटत नाही. विरामचिन्हे वाचण्याचे सेटिंग जास्त ठेवलेल्यांना ‘अंडरस्कोर’ हा शब्दही ऐकू येईल, पण निदान शब्द सुटे राहतील. त्यात एक धोका आहे. जोडून लिहिलेला आणि अंडरस्कोरचा हे दोन वेगळे हॅशटॅग धरले जातात, त्यामुळे आधीच चालू असलेल्या मोहिमेत मध्येच रूप बदलले तर पोस्ट विखुरतात. सुरुवातीलाच एक रूप ठरवावे आणि हॅशटॅग वाक्यात न पेरता शेवटी द्यावेत, कारण प्रत्येक हॅशटॅग ही लिंक असते आणि अनेकदा तसे सांगून वाचली जाते.

फोटोचे वर्णन कसे लिहायचे?

ट्विटरने (आताचे एक्स) मार्च २०१६ मध्ये आणि इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहिण्याची सोय दिली. एक्सवर चित्र जोडल्यावर त्यावर ALT दिसते आणि वर्णनाला १,००० अक्षरांची मर्यादा आहे. इन्स्टाग्रामवर ही सोय पोस्ट करण्यापूर्वीच्या सेटिंगमध्ये असते. वर्णन रिकामे ठेवले तर काही ठिकाणी यंत्र स्वतः अंदाज बांधते, पण नकाशातला लाल पट्टा म्हणजे काय, हे त्यातून कळण्याची खात्री नाही.

आता तीच पोस्ट पुन्हा लिहू. कॅप्शन :

कोथरूडमधील डहाणूकर कॉलनी व मयूर कॉलनीत गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ पाणीपुरवठा बंद. टँकर कर्वे पुतळ्याजवळ मिळेल. 🚰 #कोथरूड_पाणी_बंद #PuneWaterCut

आणि चित्राचे वर्णन :

कोथरूडचा नकाशा. पाणी बंद असलेला भाग लाल रंगात : डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी. टँकरचे ठिकाण निळ्या ठिपक्याने : कर्वे पुतळा.

‘पाणीपुरवठ्याचे पोस्टर’ एवढेच लिहिणे हे वर्णन नव्हे. रंग काय सांगतो, ते शब्दांत यायला हवे. ‘हा फोटो आहे’ अशी सुरुवात नको, ते स्क्रीन रीडर आधीच सांगतो. पाठीमागचे ढग, कोपऱ्यातली नक्षी सोडून दिली तरी चालते. मात्र फोटो सत्काराचा असेल तर कोण कोणाला काय देत आहे, हे लागते.

तपासायचे कसे?

ऐकून. टॉकबॅक फोनच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली सापडतो. तो सुरू असताना एका स्पर्शाने घटक फक्त वाचला जातो, उघडण्यासाठी दोनदा टॅप करावे लागते. हे माहीत नसल्याने नवखे गोंधळतात. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून तो बंद करता येतो. पोस्टर न पाहता, केवळ ऐकून कधी, कुठे, काय हे सांगता आले नाही, तर कॅप्शन अपुरी आहे.

कायद्याची बाजू काय?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये माहिती व संपर्क माध्यमे सुलभ ठेवण्याची जबाबदारी सरकारवर आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. ते प्रकरण ई-केवायसीचे होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय करायचे?

ऑल्ट टेक्स्ट त्या पोस्टला जोडलेले असते. चित्र डाउनलोड करून दुसरीकडे टाकले की वर्णन सहसा मागे राहते. सोसायटीच्या ग्रुपमध्ये पोस्टर असेच फिरते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसाठी वर्णनाची वेगळी जागाही नाही. तिथे वेळ आणि ठिकाण फोटोखालच्या मजकुरातच लिहावे लागते. पुढे पाठवताना तो मजकूर काढून टाकला, तर ऐकणाऱ्याच्या हाती पुन्हा ‘फोटो’ एवढाच शब्द उरतो.