चटणीतलं पाणी

वड्याबरोबर कोणती चटणी आणि ढोकळ्याबरोबर कोणती, हे आपण बहुतेक वेळा सवयीने ठरवतो. सवय बहुधा बरोबरही असते. पण चार माणसं जेवायला यायची असली की सगळ्या पदार्थांसाठी एकच हिरवी चटणी वाटून मोकळं व्हायचा मोह होतो, आणि मग सँडविच ओलं होतं, कटलेटचं आवरण सुटतं. माझ्या मते चटणी निवडताना चवीच्या आधी पाहायचं ते तिच्यातलं पाणी. पदार्थ किती पाणी पिणार आणि किती प्यायलेलं त्याला चालणार, हे कळलं की निम्मी निवड झालीच.

वडापावचंच बघा. बटाट्याचं सारण मऊ आणि ओलसर, वरचं आवरण तेलकट, आणि पाव हे सगळं शोषायला तयारच असतो. त्यात पातळ चटणी जास्त पडली तर दोन मिनिटांत पावाचा लगदा होतो. म्हणून इथे लसणाची सुकी चटणी हवी. अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर गुलाबीसर भाजायचं. आठ-दहा लसूण पाकळ्यांचे काप चमचाभर तेलात कडा रंगेपर्यंत परतायचे, कारण कच्च्या लसणाच्या ओलाव्याने चटणी लवकर खराब होते. चमचाभर भाजलेले तीळ, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालायचं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. गरम असताना किंवा सलग फिरवलं की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. गाडीवरचे लोक यात चुरा घालतात. चुरा म्हणजे वडे तळताना कढईत सांडलेल्या पिठाचे कुरकुरीत कण. घरी तो मुद्दाम पाडून घ्यावा, चटणीला खरी गंमत त्यानेच येते.

सँडविचची गोष्ट सर्वांत नाजूक, कारण ब्रेड स्पंजासारखं पाणी ओढतो आणि वर काकडी-टोमॅटोचं पाणी वेगळंच. इथे चटणी हिरवीच हवी, पण घट्ट. आठ स्लाइससाठी कोथिंबिरीची एक लहान जुडी कोवळ्या देठांसकट घ्या. तीन हिरव्या मिरच्या, आल्याचा छोटा तुकडा, थोडं जिरं, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन मोठे चमचे पंढरपुरी डाळं. डाळं पाणी धरून ठेवतं, चवीत मात्र फारसं डोकावत नाही. कोथिंबीर धुतल्यावर फडक्यावर पसरून कोरडी करा, आणि वाटताना बर्फाचं पाणी दोन-तीन चमचेच घाला, कारण मिक्सरच्या उष्णतेने रंग मंदावतो. लिंबाने चटणी लगेच काळपटत नाही, पण आंबटपणामुळेच काही तासांनी तिचा हिरवा रंग शेवाळी होतो. म्हणून डब्यासाठी ती सकाळीच वाटावी.

चटणी जमली का, हे बघायला एक चमचा ताटलीत ठेवून पाच मिनिटं थांबा. कडेला पाण्याचं कडं दिसलं तर आणखी थोडं डाळं घालून पुन्हा फिरवा. ब्रेडला आधी कडेपर्यंत लोणी लावायचं आणि मग चटणी. लोण्याचा थर पाणी अडवतो. नुसती चटणी लावलेला ब्रेड शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत चिकट झालेला असतो.

ढोकळ्याचं गणित उलटं आहे. तो जाळीदार, कोरडा, घास घशाशी अडावा असा, तेव्हा त्याला पातळ चटणी चालतेच, नव्हे हवीच. मात्र बेसनाच्या पिवळ्या खमणावर साखर-पाण्याची फोडणी असते, म्हणून बरोबरच्या चटणीत गोड नको. मिरची आणि लिंबू पुढे असू द्या. चिंच-खजुराची चटणी तिथे गोडावर गोड होते. तांदूळ-डाळ आंबवून केलेला पांढरा खट्टा ढोकळा मात्र वाफाळता असताना कच्चं तेल आणि लसणाच्या तिखट चटणीबरोबर खाऊन बघा. आंबटपणाला लसूण फार छान लागतो.

कटलेटवर ब्रेडचा चुरा किंवा रवा असतो, तो ओला होता कामा नये. म्हणून चटणी वर ओतू नये, बाजूला ठेवावी आणि घट्ट असावी. कोलकात्यात कटलेटबरोबर कासुंदी, म्हणजे आंबवलेल्या मोहरीची झणझणीत चटणी, देतात. तळलेल्या पदार्थाचा जडपणा ती लगेच कापते. घरच्या घरी दही फडक्यात दोन-तीन तास टांगून त्याचा चक्का घ्या आणि त्यात चमचाभर फेसलेली मोहरी, ठेचलेली हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला पुदिना मिसळा. मीठ मात्र पानं मांडताना घाला, आधी घातलं तर चक्क्याला पुन्हा पाणी सुटतं.